भीक नको, पण गिफ आवर!

परवा आमच्या विंगच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं, "अरे, स्क्रीन रेकॉर्डिंग खूप हेवी झालंय, कसं पाठवू?" दोन मिनिटांत चार उत्तरं आली आणि चारही एकच होती: "गिफ कर ना यार, एकदम हलकं होतं!" माझं मत विचाराल तर आपल्या हॉस्टेलमध्ये फिरणाऱ्या सगळ्या सल्ल्यांमध्ये याहून आत्मविश्वासाने दिलेला आणि याहून चुकीचा सल्ला दुसरा नसेल. (मेसच्या काकांचा "आज पनीर आहे" सोडून.)

मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे मराठीत टेक्निकल लिहिताना जरा अडखळणार. चालवून घ्या. मुद्दा मात्र सरळ आहे. स्क्रीन रेकॉर्डिंग हलकं होतं ते फाइलचं नाव बदलून नाही, तर त्यातला नको असलेला माल काढून टाकल्याने. आणि तो माल कुठल्या क्रमाने काढायचा, यातच सगळी गंमत आहे.

आधी एक उदाहरण घेऊ, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही. समजा तुमच्या मिनी प्रोजेक्टच्या वेबपेजवर एक बग आहे. "सबमिट" बटण पटकन दोनदा दाबलं की फॉर्म दोनदा जातो आणि खालच्या यादीत तीच एन्ट्री दोनदा दिसते. हे स्क्रीनशॉटमधून कळणार नाही, कारण दोन सारख्या एन्ट्री दिसल्या तरी त्या एका क्लिकने आल्या की दोन क्लिकने, हे चित्र सांगत नाही. म्हणजे हलतं चित्रच हवं. तुम्ही लॅपटॉपवर रेकॉर्डर लावला: स्क्रीन १९२० बाय १०८०, सेकंदाला ३० फ्रेम, एकूण ४० सेकंद. रेकॉर्डर सेकंदाला ८ मेगाबिट लिहीत असेल तर ४० सेकंदांचे झाले ३२० मेगाबिट, म्हणजे ४० एमबी. हीच फाइल ६० जणांच्या ग्रुपवर डॉक्युमेंट म्हणून टाका, सगळ्यांनी डाउनलोड केली की झाले २४०० एमबी. आणि मग आपणच ओरडतो की वायफाय स्लो आहे!

आता शांतपणे बघा की त्या ४० सेकंदांत आहे काय. पहिले २२ सेकंद तुम्ही ब्राउझर उघडताय, लॉगिन करताय, पेज लोड व्हायची वाट बघताय. शेवटचे १० सेकंद माउस हलवत रेकॉर्डर बंद करायचं बटण शोधताय. खरा बग दिसतो मधल्या ८ सेकंदांत. आणि त्या ८ सेकंदांतही संपूर्ण स्क्रीनवर काही घडत नाहीये. घडतंय ते मधल्या चौकोनात: फॉर्म, बटण आणि यादी. साधारण ९६० बाय ७२० पिक्सेल. बाकीच्या जागेत तुमचा वॉलपेपर, उघडे टॅब आणि कोपऱ्यात आलेलं कुणाचं तरी प्रायव्हेट नोटिफिकेशन.

चला, हिशोब करू. (एम थ्रीची भीती असणाऱ्यांनीही थांबा, फक्त गुणाकार आहे.) मूळ रेकॉर्डिंगमध्ये एका फ्रेमला १९२० × १०८०, म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल. सेकंदाला ३० फ्रेमने ४० सेकंदांच्या १२०० फ्रेम. गुणाकार आला जवळपास २४९ कोटी पिक्सेल. आता चार ठिकाणी कात्री लावायची.

पहिली कात्री वेळेला. ४० सेकंदांचे ८ केले, ५ पट कमी.

दुसरी कात्री चौकटीला, म्हणजे क्रॉप. १९२० बाय १०८० मधून फक्त ९६० बाय ७२० चा तुकडा ठेवला, ३ पट कमी.

तिसरी कात्री फ्रेम रेटला. फॉर्म भरताना दाखवायला सेकंदाला ३० फ्रेम कशाला? १० पुरेत. माउस थोडा उड्या मारत जाईल, पण हा काय क्रिकेटचा रिप्ले आहे का? ३ पट कमी.

चौथी आणि शेवटची कात्री आकाराला. ९६० बाय ७२० चं ६४० बाय ४८० केलं. २.२५ पट कमी.

५ × ३ × ३ × २.२५ = १०१.२५. म्हणजे अजून कुठलाही फॉरमॅट, कुठलाही कोडेक मधे आणला नाही, आणि माल शंभर पटींनी कमी झाला! फाइलचे एमबी अगदी शंभर पटींनीच उतरतील असं नाही, कारण मूळ व्हिडिओही आधीच दाबलेला असतो आणि न हलणाऱ्या फ्रेमवर तो फार जागा खर्च करत नाही. पण दिशा आणि अंदाज बरोबर आहे.

या चार आकड्यांकडे पुन्हा एकदा बघा, कारण माझं मुख्य म्हणणं इथेच आहे. पहिल्या तीन कात्र्यांनी मिळून ४५ पट फायदा दिला आणि बघणाऱ्याचं काहीच गेलं नाही. चौथीने फक्त २.२५ पट दिला, आणि नुकसान करणारी तीच एकटी आहे, कारण आकार लहान केला की अक्षरं लहान होतात. आणि आपली जनता काय करते? कुठल्यातरी वेबसाइटवर फाइल चढवते, पहिल्या तीन कात्र्या विसरते आणि थेट चौथीला हात घालते: "४८० विड्थ, कन्व्हर्ट, डाउनलोड." संपूर्ण १९२० ची स्क्रीन ४८० मध्ये कोंबली की सगळं एक चतुर्थांश होतं. १२ पिक्सेल उंचीचं अक्षर ३ पिक्सेलचं होतं. ३ पिक्सेलमध्ये देवनागरी सोडाच, इंग्रजीचा कॅपिटल ई सुद्धा बसत नाही, त्याच्या तीन आडव्या रेषा आणि मधल्या दोन फटी मिळूनच ५ पिक्सेल लागतात. मग ग्रुपवर येतं: "भाई, काही दिसत नाहीये, नीट पाठव."

आपल्या पद्धतीत ९६० चं ६४० होतं, म्हणजे दोन तृतीयांश. १२ चं अक्षर ८ पिक्सेलचं उरतं. वाचता येतं, पण काठावर. यावर फुकटचा उपाय म्हणजे रेकॉर्डिंगच्या आधी ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि प्लस दाबून पेज १५० टक्के झूम करा. १२ चं अक्षर आधीच १८ चं होतं आणि लहान केल्यावर पुन्हा १२ वर येतं. रेकॉर्डिंगनंतर तासभर सेटिंग्जशी मारामारी करण्यापेक्षा आधीची ही दोन सेकंदं जास्त मोलाची आहेत.

आता येऊ आपल्या लाडक्या गिफकडे. (उच्चार "जिफ" आहे हे मला माहीत आहे. तो बनवणाऱ्या टीमचे प्रमुख स्टीव्ह विल्हाइट यांनी २०१३ मध्ये वेबी पुरस्कार घेताना तसं जाहीरच केलं होतं. पण हॉस्टेलमध्ये गिफ म्हणतात, मी पण गिफच म्हणणार.) हा फॉरमॅट कॉम्प्युसर्व्ह कंपनीने १९८७ मध्ये आणला, आणि आज आपण वापरतो ती आवृत्ती १९८९ ची आहे. म्हणजे आपल्या सगळ्यांपेक्षा सीनियर! त्याचं वय हा काही दोष नाही. पण तो बनला होता स्थिर चित्रांसाठी, आणि त्या काळाच्या खुणा त्याच्यात अजून आहेत.

एक, एका फ्रेमला जास्तीत जास्त २५६ रंग. दोन, दाबण्याची पद्धत अगदी साधी: चित्र ओळीने वाचत जायचं आणि आधी येऊन गेलेला पिक्सेलचा क्रम पुन्हा आला की त्याच्याऐवजी एक छोटा कोड लिहायचा. पांढऱ्या भिंतीसारखं सपाट चित्र असेल तर हे झकास चालतं. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, गिफला "हलणं" हा प्रकारच कळत नाही. पुढच्या फ्रेममध्ये जेवढा भाग बदलला तेवढाच चौकोन साठवायची सोय आहे, पण बदललेला भाग मात्र नव्याने लिहावा लागतो.

याचा परिणाम असा. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये स्थिर पानावर फक्त माउस फिरत असेल तर बदलतो एवढासा चौकोन, आणि गिफ खरंच हलका होतो. पण तुम्ही पान एकदा स्क्रोल केलंत की खेळ खल्लास! डोळ्यांना वाटतं तेच पान वर सरकलं, पण गिफच्या दृष्टीने जवळजवळ प्रत्येक पिक्सेल बदलला. दर फ्रेमला अख्खं पान पुन्हा लिहिलं जातं. याउलट एमपीफोरच्या आत सहसा असतो तो एच.२६४ कोडेक (२००३ चा) चित्राचे छोटे चौकोन करतो आणि पुढच्या फ्रेमसाठी एवढंच लिहितो की "हा तुकडा मागच्या फ्रेममध्ये ४० पिक्सेल खाली होता, तिथून उचल." स्क्रोलिंग म्हणजे त्याच्या हातचा मळ. म्हणून एकच रेकॉर्डिंग गिफ केल्यावर मूळ व्हिडिओपेक्षाही जड होऊ शकतं. "गिफ कर, हलकं होईल" म्हणणाऱ्यांनी ही ओळ दोनदा वाचावी.

"पण व्हॉट्सअ‍ॅपवर तर सगळे गिफच पाठवतात!" असं कुणी म्हणेलच. त्यांच्यासाठी छोटासा प्रयोग. अँड्रॉइड फोनच्या फाइल मॅनेजरमध्ये `WhatsApp Animated Gifs` हे फोल्डर शोधा आणि आतल्या फाइलींच्या नावांचं शेपूट बघा. `.mp4` दिसेल. गिफ म्हणून जे आपल्या समोर नाचतं ते आतून आवाज नसलेला छोटा व्हिडिओ असतो. ट्विटरने २०१४ मध्ये आणि टेलिग्रामने २०१६ मध्ये हाच मार्ग धरला: गिफ द्या, आम्ही त्याचा व्हिडिओ करून दाखवतो. म्हणजे तुम्ही व्हिडिओचा गिफ करता आणि अ‍ॅप त्याचा पुन्हा व्हिडिओ करतं. मधल्यामधे २५६ रंगांची चाळणी लागून चित्राची वाट लागते, ती वेगळीच. सासरी जायला माहेरून निघून पुन्हा माहेरीच यायचं, असला प्रकार!

तेव्हा माझं मत: मेसेजिंगसाठी आवाज काढलेला छोटा एमपीफोर, बस्स. कॉम्प्युटरवर `ffmpeg` असेल तर आपल्या उदाहरणाचं काम एका कमांडमध्ये होतं. (छापताना ओळी तुटल्या आहेत, टाइप करताना सगळं एका ओळीत लिहा.)

```
ffmpeg -ss 22 -t 8 -i rec.mp4
-vf "crop=960:720:480:200,fps=10,scale=640:-2"
-an -c:v libx264 -crf 26 -pix_fmt yuv420p
-movflags +faststart out.mp4
```

घाबरू नका, यात आपल्या चार कात्र्याच आहेत. `-ss 22 -t 8` म्हणजे २२ व्या सेकंदापासून ८ सेकंद. `crop` मधले पहिले दोन आकडे तुकड्याची रुंदी आणि उंची, पुढचे दोन म्हणजे तो तुकडा डावीकडून ४८० आणि वरून २०० पिक्सेलवर सुरू होतो. हे आकडे तुमच्या स्क्रीननुसार बदलतील. एखादा स्क्रीनशॉट पेंटमध्ये उघडून माउस कोपऱ्यावर नेला की खालच्या पट्टीत मिळतात. `fps` आणि `scale` तुम्हाला कळलेच. `-an` म्हणजे आवाज नको. तुमच्या रूममेटच्या घोरण्याचा बगशी काही संबंध नसतो, आणि शिवाय टेलिग्राम आवाज नसलेल्या छोट्या व्हिडिओला गिफ समजून आपोआप पुन्हापुन्हा फिरवतं. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र छोटा व्हिडिओ पाठवायच्या स्क्रीनवर गिफचं बटण दिसतं ते दाबावं लागतं. क्लिप मोठी असेल तर ते बटण दिसत नाही, अजून छाटावी लागते.

`-crf` हा दर्जाचा कान. आकडा कमी तर चित्र चांगलं आणि फाइल जड. काही दिलं नाही तर २३ धरला जातो, आणि ६ ने वाढवला की फाइल साधारण निम्मी होते. अक्षरांभोवती धुरकट कडा दिसायला लागल्या तर मी २६ वरून खाली येते. आकार मात्र आणखी लहान करत नाही.

उरलेल्या दोन गोष्टींवर बरेच जण आपटतात. एक `scale=640:-2`. त्या उणे दोनचा अर्थ "उंची प्रमाणात काढ, पण सम संख्या ठेव." इथे उणे एक लिहिलं आणि उंची विषम आली तर `height not divisible by 2` म्हणून कमांड तोंडावर आपटते. दुसरी `-pix_fmt yuv420p`. लिनक्सवर थेट `ffmpeg` ने स्क्रीन रेकॉर्ड केलेली असेल आणि हे लिहिलं नाही, तर फाइल `yuv444p` मध्ये बनते. लॅपटॉपवर मस्त चालते, फोनवर काळी स्क्रीन! समोरचा म्हणतो "प्ले होत नाही", तुम्ही म्हणता "माझ्याकडे तर होतंय", आणि दोघंही खरं बोलत असता. शंका आली तर भांडण्याआधी हे चालवा:

```
ffprobe -v error -select_streams v:0
-show_entries stream=width,height,pix_fmt out.mp4
```

याची एक किंमतही आहे, ती लपवत नाही. `yuv420p` मध्ये रंगाची माहिती उभी-आडवी निम्मीच साठवतात. पांढऱ्यावर काळी अक्षरं असतील तर फरक कळत नाही, कारण उजेडाची माहिती पूर्ण असते. पण डार्क थीमवर लाल बारीक अक्षरांत एरर दाखवायची असेल तर ती पुसट दिसते. तेव्हा रेकॉर्डिंगपुरती लाइट थीम लावा, किंवा फॉन्ट मोठा करा.

मग गिफचा काहीच उपयोग नाही का? आहे. जिथे व्हिडिओ चालतच नाही पण चित्र चालतं, तिथे गिफच हवा: उदाहरणार्थ ईमेलच्या मजकुरात. पण तेव्हाही तो नीट बनवा:

```
ffmpeg -ss 22 -t 8 -i rec.mp4 -filter_complex
"crop=960:720:480:200,fps=10,scale=640:-1,
split[a][b];[a]palettegen=max_colors=64[p];
[b][p]paletteuse=dither=none"
-loop 0 -final_delay 100 out.gif
```

इथे `palettegen` आधी संपूर्ण क्लिप बघून तिच्यापुरते ६४ रंग निवडतो. हे केलं नाही तर एक ठरलेली सरधोपट रंगपेटी वापरली जाते आणि करड्या पट्ट्यांवर मुंग्या फिरल्यासारखे ठिपके येतात. त्याला डिथरिंग म्हणतात: नसलेला रंग ठिपक्यांनी भासवायचा. फोटोसाठी ते छान, पण स्क्रीनवरच्या सपाट रंगांवर ते ठिपके गिफची "सारखा क्रम शोध" ही एकमेव ताकदच मारून टाकतात, आणि फाइल फुगते. म्हणून `dither=none`. आणि `-final_delay 100` म्हणजे शेवटची फ्रेम १०० शतांश, म्हणजे एक सेकंद थांबते. हे फार लोक करत नाहीत आणि मग गिफ एवढ्या घाईने पुन्हा सुरू होतो की सुरुवात कुठे, शेवट कुठे, तेच कळत नाही. थांबण्याला गिफमध्ये जागा जवळजवळ लागतच नाही.

गिफमध्ये वेळ शतांश सेकंदातच मोजतात, म्हणून सेकंदाला १०, २० किंवा २५ फ्रेम व्यवस्थित बसतात. १० फ्रेमला दर फ्रेम बरोबर १० शतांश. १२ मागितल्या तर ८.३३ येतं, ते बसत नाही आणि चाल लंगडते. आणि आदरणीय सरांना मेलमध्ये गिफ पाठवणार असाल तर एक लक्षात ठेवा: आउटलुकच्या २००७ ते २०१६ मधल्या डेस्कटॉप आवृत्त्यांमध्ये गिफची फक्त पहिली फ्रेम दिसते. डिपार्टमेंटच्या जुन्या पीसीवर तेच आउटलुक असण्याची शक्यता नाकारता येत नाही! तेव्हा पहिली फ्रेम कोरी ठेवू नका, तिच्यात निदान फॉर्म तरी दिसू दे.

ज्यांना कमांड लिहायचा कंटाळा आहे (मेकॅनिकलवाल्यांनो, मी नाव घेतलेलं नाही), त्यांनी विंडोजवर स्क्रीनटूगिफ वापरावं. त्यात रेकॉर्ड करतानाच हवा तेवढाच चौकोन निवडता येतो, म्हणजे क्रॉपची कात्री आधीच लागते. फोनवर केलेलं रेकॉर्डिंग असेल तर गॅलरीतल्या एडिटमध्ये वेळ छाटायची सोय असते आणि बऱ्याच फोनमध्ये चौकट छाटायचीही. तेवढ्यानेही बहुतेक काम होतं. आपल्या उदाहरणात त्या दोन कात्र्यांचेच १५ पट झाले होते, आठवतंय ना?

शेवटी एक सूचना पाठवणाऱ्यांना. एवढं सगळं करून तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलंत की ते स्वतःच्या मर्जीने पुन्हा एकदा दाबतं, आणि बारीक अक्षरं तिथे मरतात. अक्षरं महत्त्वाची असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फाइल जशीच्या तशी पोचते. तेव्हा ती आपोआप फिरत राहणार नाही, टॅप करून उघडावी लागेल. फिरणं हवं की वाचता येणं हवं, ते तुम्ही ठरवा. मला विचाराल तर बग दाखवायचा असेल तेव्हा वाचता येणंच हवं. आणि अख्ख्या ४० सेकंदांचा ४० एमबीचा चित्रपट कुणी ग्रुपवर टाकलाच, तर त्याला निदान इंटरव्हल तरी असू द्या, म्हणजे आम्ही चहा पिऊन येऊ!